सीताफळ आइस्क्रीमचे गणित: हवा किती, साखर किती, बर्फ किती

आइस्क्रीम तयार होते किलोत आणि विकले जाते लिटरमध्ये. डेअरी तंत्रज्ञानाच्या परीक्षेतली आइस्क्रीमवरची बहुतेक उदाहरणे या एका वाटेवरची असतात. मिश्रणाचे वजन दिलेले असते, मधे कुठेतरी त्यात हवा शिरते, पाण्याचा बर्फ होतो, आणि शेवटी विचारतात: लिटर किती झाले, ओव्हररन किती आला? उदगीर किंवा वरूड-पुसदच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयातल्या मुलांना सूत्रे पाठ असतात. उत्तर चुकते ते दिलेला आकडा प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे हे न पाहिल्यामुळे. म्हणून इथे एकच घाणा घेऊ आणि त्याच्या मागोमाग शेवटपर्यंत जाऊ. घाणा १०० किलोचा, आणि स्वाद सातपुड्यातल्या सीताफळाचा.

सीताफळ निवडायला कारण आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळ ढिगाने येते. ते टिकत मात्र नाही. पिकले की दोन-तीन दिवसांत काळे पडते. गर काढून गोठवणे आणि तो आइस्क्रीमला देणे ही त्याची चांगली वाट आहे. पण या गराची एक खोड आहे. तो ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की कडवट होतो. आइस्क्रीमच्या मिश्रणाचे पाश्चरीकरण ८० अंशांच्या घरात होते, म्हणजे गर सुरुवातीला दुधासोबत घालता येत नाही. तो नंतर, थंड मिश्रणातच घालावा लागतो. या एका अडचणीमुळे फॅट, साखर, गोठणबिंदू आणि ओव्हररन हे चारही आकडे हलतात. साध्या व्हॅनिलाच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण जास्त शिकवते ते त्यामुळेच.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायच्या पदार्थात दुधाचे फॅट किमान १० टक्के, एकूण घन पदार्थ किमान ३६ टक्के, दुधाची प्रथिने किमान ३.५ टक्के असली पाहिजेत आणि एक लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. फॅट कमी असेल तर तो ‘मीडियम फॅट’ किंवा ‘लो फॅट’ आइस्क्रीमच्या वर्गात जातो, आणि दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरले तर त्याचे नावच ‘फ्रोझन डेझर्ट’ होते. या चार आकड्यांपैकी ५२५ वर बोट ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आता घाणा मांडू. तयार १०० किलोत १५ किलो सीताफळाचा गर धरला. उरले ८५ किलो दुधाचे मिश्रण. गरात फॅट जवळजवळ नसते, त्यामुळे १०० किलोत १० किलो फॅट हवे असेल तर ते सगळे या ८५ किलोतूनच यायला हवे. १० भागिले ८५ म्हणजे ११.८ टक्के. जो कारागीर नेहमीचे १० टक्क्यांचे मिश्रण घेऊन त्यात १५ टक्के गर ढवळतो त्याच्या तयार मालात फॅट ८.५ टक्केच राहते, आणि तो माल त्याच्या नकळत आइस्क्रीमच्या व्याख्येबाहेर जातो. चव उत्तम लागते, पण नमुना तपासणीला गेला तर नापास होतो.

तसेच दुधातले फॅटविरहित घन पदार्थ, म्हणजे एसएनएफ, १० किलो धरू. त्यात प्रथिने साधारण ३६ टक्के असतात, म्हणजे ३.६ किलो, कायद्याच्या रेषेच्या जेमतेम वर. साखर १२ किलो, स्टॅबिलायझर आणि इमल्सिफायर मिळून ०.३५ किलो. गराच्या १५ किलोत सुमारे ३ किलो साखर आणि पाऊण किलो इतर घन पदार्थ मानू. एकूण घन पदार्थ ३६.१ किलो, पाणी ६३.९ किलो. ताळा जमला.

पहिला प्रश्न: हे १०० किलो म्हणजे किती लिटर? इथे मुले सर्रास १०० लिटर धरून टाकतात. फॅटची घनता ०.९३, बाकी घन पदार्थांची १.५८ आणि पाण्याची १ धरतात. १० किलो फॅट १०.७५ लिटर जागा घेते, २६.१ किलो बाकीचे घन १६.५ लिटर, आणि पाणी ६३.९ लिटर. बेरीज ९१.२ लिटर. म्हणजे मिश्रणाचा एक लिटर १.०९७ किलोचा.

आता ओव्हररन. हवेमुळे मिश्रणाचे आकारमान मूळ मिश्रणाच्या तुलनेत किती टक्के वाढले, तो ओव्हररन. छेदात नेहमी मूळ मिश्रणाचे आकारमान असते, तयार आइस्क्रीमचे नाही. म्हणून १०० टक्के ओव्हररन म्हणजे सगळी हवा नव्हे. एक लिटर मिश्रणाचे दोन लिटर झाले, हवा निम्मी. ८० टक्के ओव्हररनच्या आइस्क्रीममध्ये हवा ८० भागिले १८०, म्हणजे ४४ टक्के असते. परीक्षेत ‘हवेचे प्रमाण’ विचारले की ‘ओव्हररन’ विचारला हे वाक्य दोनदा वाचावे, कारण दोन्ही उत्तरे पर्यायांत दिलेली असतात.

कारखान्यात कोणी लिटर मोजत बसत नाही. तिथे वजनाची पद्धत चालते. १०० मिलिलिटरचा कप रिकामा तोलायचा, मग मिश्रणाने काठोकाठ भरून तोलायचा, मग फ्रीजरमधून निघालेल्या आइस्क्रीमने पोकळी न ठेवता भरून, वर सपाट करून तोलायचा. दोन्ही वेळा कपाचे वजन वजा करायचे. आपल्या घाण्यात मिश्रण १०९.७ ग्रॅम भरले आणि आइस्क्रीम ६१ ग्रॅम, तर फरक ४८.७. त्याला ६१ ने भागले की ०.८, म्हणजे ८० टक्के. इथे छेदात आइस्क्रीमचे वजन आहे, मिश्रणाचे नाही. आकारमानाच्या सूत्रात छेद मिश्रणाचा, वजनाच्या सूत्रात छेद आइस्क्रीमचा. उलटे वाटते, पण दोन्ही एकच गोष्ट सांगतात, कारण वजनाच्या पद्धतीत आकारमान सारखे ठेवलेले असते आणि हवेला वजन नसल्यासारखेच असते. हे एकदा कागदावर मांडून पटवून घेतले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

आता तो ५२५ चा आकडा. कायद्यात ओव्हररनची मर्यादा कुठेही टक्क्यांत लिहिलेली नाही, पण ती याच आकड्यात आहे. मिश्रणाचा लिटर १०९७ ग्रॅमचा आणि आइस्क्रीमचा लिटर ५२५ पेक्षा हलका चालत नाही. १०९७ वजा ५२५ म्हणजे ५७२, भागिले ५२५, म्हणजे १०९ टक्के. आपल्या घाण्याला याहून जास्त हवा भरता येणार नाही. ८० टक्क्यांवर १०० किलोचे १६४ लिटर होतात, मर्यादेवर १९० लिटर. या २६ लिटरांत दुधाचा एक थेंबही वाढलेला नाही.

नंदुरबार, शहादा, नवापूरसारख्या गावांतल्या छोट्या पार्लरना इतकी हवा भरणे सहसा शक्यही नसते, आणि याचे कारण साध्या गणितात आहे. त्यांच्याकडे बॅच फ्रीजर असतो. मोठ्या कारखान्यातल्या कंटिन्युअस फ्रीजरला हवा दाबाने दिली जाते. बॅच फ्रीजर मात्र सिलिंडरमध्ये उरलेल्या मोकळ्या जागेतली हवाच फेटून आत घेतो. २० लिटरच्या सिलिंडरमध्ये १२ लिटर मिश्रण ओतले तर फुगायला ८ लिटरच जागा आहे. ८ भागिले १२, म्हणजे ६७ टक्क्यांच्या वर ओव्हररन जाऊच शकत नाही, मशीन कितीही चांगले असो. ८० टक्के हवे असतील तर २० भागिले १.८, म्हणजे ११ लिटरच भरावे लागेल. ‘आइस्क्रीम जड येते’ ही तक्रार पुष्कळदा इतक्यानेच सुटते: घाणा थोडा कमी भरा.

सीताफळाचा इथे आणखी एक पेच आहे. गर कोणत्या टप्प्यावर घातला? एजिंग झालेल्या मिश्रणात, फ्रीजरच्या आधी घातला, तर गरासकट सगळे फेटले जाते आणि वरचे गणित जसेच्या तसे लागू होते. पण गराचे तुकडे दिसावेत म्हणून तो फ्रीजरमधून माल निघाल्यावर मिसळला, तर हवा फक्त ८५ किलो मिश्रणात गेली. समजा फ्रीजरवर १०० टक्के ओव्हररन आला. ८५ किलो मिश्रणाचे ७७.५ लिटर होतात, ते १५५ झाले. त्यात गराचे १३.६ लिटर न फुगता मिसळले. एकूण १६८.६ लिटर. सुरुवातीला सगळे मिळून ९१.१ लिटर होते. वाढ ७७.५ भागिले ९१.१, म्हणजे ८५ टक्के. फ्रीजरवरचा ओव्हररन १००, डब्यातला ८५, आणि दोन्ही आकडे बरोबर. पेपरात ‘फळे व सुकामेवा फ्रीजिंगनंतर घातला’ अशी अर्धी ओळ दिसली की हाच हिशेब विचारला आहे असे समजावे.

आता बर्फाकडे वळू. शुद्ध पाणी शून्यावर गोठते, मिश्रण त्याखाली, कारण त्यात साखर, दुधातली लॅक्टोज आणि क्षार विरघळलेले असतात. किती खाली, हे काढायची रीत लेटन यांनी १९२७ मध्ये मांडली. विरघळलेल्या सगळ्या साखरा आधी साध्या साखरेच्या मापात आणायच्या. एसएनएफमध्ये ५४.५ टक्के लॅक्टोज असते, म्हणजे १० किलोत ५.४५ किलो. ती साखरेइतकीच धरतात. घातलेली साखर १२ किलो. गरातली ३ किलो साखर मात्र मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्यांचे रेणू निम्म्या आकाराचे, म्हणून तितक्याच वजनात जवळजवळ दुप्पट संख्येने असतात, आणि गोठणबिंदू ढकलण्यात संख्येलाच महत्त्व आहे. म्हणून ३ ला १.९ ने गुणून ५.७. बेरीज २३.१५ किलो, ६३.९ किलो पाण्यात, म्हणजे १०० भाग पाण्यात सुमारे ३६ भाग. तक्त्यात ३६ भागांसमोर २.२१ अंश आहेत. क्षारांचे वेगळे: एसएनएफ गुणिले २.३७ भागिले पाणी, म्हणजे ०.३७. दोन्ही मिळून २.५८. आपले मिश्रण उणे २.६ अंशांच्या आसपास गोठायला लागेल.

कारागिराने व्हॅनिलाच्या सवयीने साखर १५ किलोच ठेवली आणि गर वरून घातला, तर हीच बेरीज उणे ३ अंशांवर जाते. अर्ध्या अंशाहूनही कमी फरक, पण त्याचा परिणाम मोठा होतो. गोठणबिंदूला चालू तापमानाने भागले की न गोठलेल्या पाण्याचा ढोबळ वाटा मिळतो. फ्रीजरमधून माल उणे ५.५ अंशांवर काढला, तर १२ किलो साखरेच्या घाण्यात २.६ भागिले ५.५, म्हणजे ४७ टक्के पाणी अजून द्रव आहे आणि ५३ टक्के बर्फ झाला आहे. १५ किलोच्या घाण्यात ५५ टक्के पाणी द्रवच राहते. तो माल मशीनमधून सैल, ओलसर निघतो, हवा धरून ठेवत नाही, कपात बसत जातो. कारागीर मशीनच्या गॅसला दोष देतो, पण दोष तीन किलो साखरेचा असतो. हा भागाकार खोल थंडीत कमी विश्वासाचा होतो. तिथे खरोखर द्रव उरणारे पाणी त्याहून थोडे जास्त असते, पण दिशा कळायला तो पुरतो.

गोठवणे दोन टप्प्यांत का करतात, तेही याच आकड्यांतून दिसते. पाश्चरीकरण, होमोजिनायझेशन आणि ४ अंशांवर किमान चार तास, शक्यतो रात्रभर, एजिंग झाल्यावर मिश्रण फ्रीजरमध्ये येते. तिथे सिलिंडरच्या थंड भिंतीवर बर्फाचा पातळ थर धरतो आणि फिरती पाती तो खरवडून आत ढकलतात. असंख्य बारीक कण तयार होतात ते इथेच. पाती बोथट असली तर थर जाड राहतो, थंडी आत पोहोचत नाही आणि माल काढायला वेळ लागतो. पाणी निम्म्याहून थोडे जास्त गोठले की मिश्रण इतके घट्ट होते की ढवळणे थांबवावे लागते. उरलेले गोठवणे म्हणजे हार्डनिंग, उणे २५ ते ३० अंशांच्या खोलीत, डब्यातच, न ढवळता. त्यात नवे कण जवळजवळ तयार होत नाहीत. आधीच्याच कणांवर बर्फ चढत जातो. म्हणून फ्रीजरमध्ये कण मोठे झाले तर हार्डनिंग ते लहान करू शकत नाही, आणि हार्डनिंगला उशीर झाला तर चांगले कणही बिघडतात. डब्याच्या गाभ्याला उणे १८ अंश लवकरात लवकर मिळावेत, म्हणून मोठ्या डब्यांपेक्षा छोटे कप सुखाचे.

एवढ्या हिशेबात ०.३५ किलो स्टॅबिलायझर-इमल्सिफायरचे नाव गोठणबिंदूत कुठेच आले नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. ते विसरलेले नाही. ग्वार गम, लोकस्ट बीन गम, अल्जिनेट, सीएमसी यांचे रेणू प्रचंड मोठे असतात. पाव-अर्धा किलोत त्यांची संख्या इतकी कमी भरते की गोठणबिंदू हलत नाही. एकूण घन पदार्थांत त्यांना मोजायचे, गोठणबिंदूत सोडून द्यायचे. ‘स्टॅबिलायझर वाढवला की आइस्क्रीम कमी तापमानाला गोठते’ हे चुकीचे विधान बहुपर्यायी प्रश्नात हमखास फसवते.

मग ते करतात काय? त्यांचे काम न गोठलेल्या पाण्यात आहे. नंदुरबारचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो आणि वीज गेली की दुकानातल्या डीप फ्रीजरचे तापमान चढते. समजा ते उणे १८ वरून उणे १० वर आले. आपल्या भागाकाराने द्रव पाण्याचा वाटा १४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर जातो. ६३.९ किलो पाण्यात हा फरक सात किलोहून अधिक बर्फाचा. तो वितळतो, त्यात सगळ्यात बारीक कण आधी संपतात. वीज आली की तेच पाणी पुन्हा गोठते, पण नवे बारीक कण न होता उरलेल्या मोठ्या कणांवर चढते. असे पाच-सहा वेळा झाले की कण जिभेला कळण्याइतके मोठे होतात. जिभेला साधारण ५० मायक्रॉनच्या पुढचा कण जाणवतो. गम वितळलेल्या पाण्याला दाट करून त्याची हालचाल आणि बर्फाची वाढ मंदावतो. तो बर्फ वितळणे थांबवत नाही आणि बिघडलेला माल परत सुधारत नाही. म्हणून प्रमाण वाढवून फ्रीजरची उणीव भरून निघत नाही. ०.२ ते ०.३ टक्के गमच्या पुढे गेले की आइस्क्रीम चिकट, रबरासारखे होते आणि उन्हात ठेवले तरी आकार सोडत नाही.

गम घालायची रीत साधी आहे, तरी तिथेच चूक होते. पावडर सरळ दुधात टाकली की बाहेरून ओली आणि आतून कोरडी गुठळी होते, ती चाळणीत अडकते आणि खरा डोस अर्धाच पडतो. ती आधी कोरड्या साखरेत, आपल्या घाण्यात दोन-तीन किलो साखरेत, नीट मिसळून ढवळत्या कोमट दुधात हळूहळू सोडावी. लोकस्ट बीन गमला विरघळायला ८० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून गम पाश्चरीकरणाच्या आधी आणि सीताफळाचा गर त्याच्या नंतर, हा क्रम बदलता येत नाही. गराला नंतर उष्णता मिळणार नसल्यामुळे तो काढताना हात, भांडी आणि पाणी यांची स्वच्छता पाश्चरीकरणाइतकीच महत्त्वाची ठरते.

एक दोष मात्र गमच्या माथी मारू नये. खडबडीत आइस्क्रीम आले की त्याचा एक घास जिभेवर तसाच धरावा. खरखर विरघळून गेली तर तो बर्फ होता: गम, फ्रीजरची पाती किंवा साठवण यांपैकी काहीतरी चुकले. खरखर बारीक वाळूसारखी जिभेवर रेंगाळली तर ती लॅक्टोज आहे, म्हणजे दूध पावडर जास्त पडली. प्रथिने वाढवायच्या नादात एसएनएफ १२ टक्क्यांच्या पुढे नेले की हे होऊ लागते. तिथे गम वाढवणे व्यर्थ आहे, पावडर कमी करावी लागते.

सुकुमार डे यांच्या ‘आउटलाइन्स ऑफ डेअरी टेक्नॉलॉजी’सारख्या पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे सोडवताना विद्यार्थ्यांनी प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने टप्प्याचे नाव लिहावे: मिश्रण, फ्रीजरचे तोंड की तयार डबा. आणि ज्यांच्या हाती धडगावचा गर आहे त्यांनी पहिल्या घाण्याला साखर १२ किलोच धरावी, मिश्रणातले फॅट ११.८ टक्के ठेवावे आणि प्रत्येक घाण्याचा १०० मिलिलिटरचा कप तोलावा. निव्वळ वजन ६० ग्रॅमच्या आसपास असले की घाणा चांगला. ५२.५ च्या खाली गेला तर तो आइस्क्रीम म्हणून विकू नये.